जमली का, ते सांगा

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कविता स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. चोवीस वर्षं मराठी शिकवतेय, त्यामुळे अशी बोलावणी येतात आणि मी जाते, कारण मला मनापासून आवडतं ते. स्पर्धा झाली, बक्षिसं झाली, मग मी प्रत्येक मुलाच्या कवितेवर दोन-दोन मिनिटं बोलले. एका मुलाची कविता आजोबांच्या विहिरीवर होती. त्याला मी म्हटलं, इथे विहीर हे ग्रामीण जीवनाचं प्रतीक आहे, आटलेलं पाणी म्हणजे आटलेली नाती, शेवटी तू शेतकऱ्याच्या दुःखाला वाचा फोडली आहेस, वगैरे. मुलगा शांतपणे ऐकून घेत होता. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितला तो अर्थ मला माहितीये, मीच लिहिलीये ना. पण कविता जमली का, ते नाही सांगितलं तुम्ही."

मी गप्पच झाले, कारण खरंच सांगितलं नव्हतं. आणि घरी येताना एसटीत डोक्यात तेच चालू राहिलं, की बावीस वर्षं मी रसग्रहण शिकवतेय, मध्यवर्ती कल्पना, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, सगळं मुलांकडून लिहून घेते, पण "ही कविता चांगली आहे का, आणि कशावरून" हा प्रश्न एकदाही फळ्यावर लिहिलेला नाही. पुस्तकात आलीये म्हणजे चांगलीच असणार, असं आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललेलो असतो.

त्या रात्री मी बालकवींची "औदुंबर" घेऊन बसले. मला पाठ असलेली, शेकडो वेळा शिकवलेली, आठच ओळींची कविता. ठरवलं की अर्थ सांगायचा नाही, फक्त बघायचं की ही जमलीये का आणि कुठे जमलीये.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातून.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयातुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

आता हिचा अर्थ म्हणून आम्ही वर्गात काय सांगतो तर पायवाट म्हणजे आयुष्य, काळा डोह म्हणजे मृत्यू किंवा दुःख, आणि औदुंबर म्हणजे त्या दुःखाच्या काठावर अलिप्तपणे बसलेला विरक्त योगी. कुणी म्हातारपण म्हणतं. चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, कवितेत त्याला जागा आहे. पण एक प्रयोग केला. तोच अर्थ घेऊन, त्याच चालीत मी दोन ओळी लिहिल्या:

जीवनवाटा साऱ्या जाती मरणाच्या डोही
काठावरती विरक्त योगी खंत तया नाही

चाल बरोबर आहे, अर्थ तर शंभर टक्के तोच आहे, उलट जास्त स्पष्ट आहे, आणि कविता मेलेली आहे. म्हणजे ज्या स्पष्टीकरणावर मी इतकी वर्षं मार्क देत आले ते चांगल्या कवितेलाही लागू पडतं आणि वाईट कवितेलाही, अगदी सारखंच. मग त्या स्पष्टीकरणातून कविता जमल्याचं कळणार कसं? जे काही जमलंय ते माझ्या दोन ओळींत नसलेलं आणि त्या आठ ओळींत असलेलं असं काहीतरी आहे, आणि ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

पहिली गोष्ट वेगळेपणाची. नुसतं विचित्र लिहिणं म्हणजे वेगळेपण नाही, हे आधी सांगते, कारण स्पर्धेला येणाऱ्या मुलांचा तिथे फार गोंधळ होतो. औदुंबर म्हणजे उंबर. मराठी माणसाच्या डोक्यात औदुंबर म्हटलं की पाठोपाठ काय काय येतं बघा, दत्त येतो, पादुका येतात, पार, प्रदक्षिणा, गुरुचरित्र. शब्दच तसा आहे, "उंबर" म्हटलं तर एक वेळ नुसतं झाड दिसेल पण "औदुंबर" म्हटलं की हात जोडले जातात. कुठल्याही साध्या कवीनं हे आयतं मिळालेलं सगळं वापरून घेतलं असतं. इथे त्यातलं काहीच नाही. पाय आहेत, पण ते झाडाचेच पाय आहेत, पाण्यात सोडलेले. आणि हे हवेतून आलेलं नाही, उंबराला पाण्याची ओढ असते, ओढ्याच्या काठाला उंबर असतोच आणि त्याची मुळं उघडी पडून पाण्यात उतरलेली असतात, माझ्या माहेरच्या नाल्यावर मी ती लहानपणापासून पाहिलीयेत, त्या मुळांवर बसून आम्ही पाय धुवायचो. पण इतकी वर्षं पाहूनही मला तो "बसलेला" दिसला नव्हता. ही ओळ वाचल्यानंतर मात्र तो मला दुसरा कसा दिसतच नाही. डोळ्यासमोर असलेलं, पण कुणी न पाहिलेलं पाहणं, आणि त्या शब्दाला आधीपासून चिकटलेलं सगळं बाजूला ठेवून पाहणं, याला मी वेगळेपण म्हणेन. माझ्या दोन ओळींतला "विरक्त योगी" कुणीही कधीही कुठेही बसवू शकतं.

दुसरी गोष्ट मला त्या रात्री सगळ्यात जास्त वेळ धरून बसली, ती म्हणजे कविता एकसंध आहे का. सगळ्या ओळी एकाच विषयावर आहेत म्हणून एकसंध, असं आपण पटकन म्हणून टाकतो. ते पुरत नाही. खरी परीक्षा अशी की एखादी ओळ काढली, किंवा दोन ओळींची अदलाबदल केली, तर काही बिघडतं का? तर इथे करून बघा. पहिल्या दोन ओळीत पाणी आहे, शेवटच्या दोन ओळीत पाणी आहे, पण पहिलं वाहतं आणि शेवटचं झाकळलेलं. मधल्या चार ओळीत जमीन. गाव आधी, ते लांब, टेकडीकडे, मग शेतं, ती "पुढे", मग त्यांच्यातून पायवाट, मग कुरण, मग डोह. म्हणजे नजर लांबून जवळ येत येत खाली उतरते आणि शेवटी पाण्याशी येऊन थांबते. आता गावाची ओळ कुरणाच्या ओळीनंतर घेतली की नजरेला डोहापाशी जाऊन परत टेकडी चढावी लागते, आणि सगळं विस्कटतं.

यमकं बघा. पहिली जोडी "घेऊन, बेटातून". शेवटची "लाटांवर, औदुंबर". आणि मधल्या चारही ओळी एकाच सुरात, "टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे". "कडे", "पुढे", "कडे" हे सगळे कुठेतरी जाण्याचे शब्द आहेत. चालायचं चाललंय तोपर्यंत यमक तेच राहतं, आणि पाण्याशी पोचल्यावरच बदलतं. क्रियापदंही तशीच, झरा "वाहतो", वाट "चालली", आणि शेवटी झाड "बसला". गावात घरं चार आहेत पण माणूस एकही नाही, वाटेवरसुद्धा कुणी नाही, वाट स्वतःच चालते. अख्ख्या कवितेत माणसासारखं बसणारं कुणी असेल तर ते एक झाड.

आणि मग मात्रा मोजल्या. मोजायची सवय मोडली होती माझी, पण मोजल्या, ऱ्हस्वाला एक आणि दीर्घाला दोन. प्रत्येक ओळ आठ, आठ आणि मग दहा-अकरा अशी पडते. "ऐल तटावर" आठ, "पैल तटावर" आठ, "हिरवाळी घेऊन" उरलेलं. "निळासावळा" आठ, "झरा वाहतो" आठ. "चार घरांचे" आठ, "गाव चिमुकले" आठ. "शेतमळ्यांची", "दाट लागली". आठ मात्रा झाल्या की तिथे शब्द संपतो आणि जिभेला एक बारीक थांबा मिळतो. आठपैकी सहा ओळीत हे असंच आहे. फक्त दोन ओळीत नाही. त्या दोन कुठल्या, तर पायवाटेच्या. "पायवाट पांढरी" यात सहा मात्रा पायवाटेच्या आणि "पां" च्या दोन, म्हणजे थांबा येतो तो "पांढरी" या शब्दाच्या पोटात. पुढच्या ओळीत "हिरव्या कुरणा" इथे आठ भरतात आणि "मधुनि" पलीकडे राहतं, शब्द पुन्हा मधोमध तुटतो. बाकीची कविता सरळ पावलं टाकते आणि नेमकी अडवीतिडवी वाट आली की ओळ थांब्यावरून वाकडी होऊन पुढे जाते. बालकवींनी हे ठरवून केलं का? मला नाही वाटत कुणी बोटावर मोजून असं करत असेल. पण कानानं केलं, आणि ते कवितेत आहे, कुणालाही मोजून बघता येईल. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात उभी राहून मी त्या दोन ओळी मोठ्यानं म्हणत होते, बावीस वर्षात पहिल्यांदा मला त्या वाटेचं वळण जिभेवर जाणवलं.

"बसला असला औदुंबर" यावर खूप वाद झालेत हे माहिती असेलच. "बसला असला" हे एकत्र क्रियापद घ्यायचं की "बसला" इथे थांबून "असला औदुंबर", म्हणजे अशा तऱ्हेचा औदुंबर, असं घ्यायचं? मी वर्गात दोन्ही सांगून मोकळी व्हायचे. पण थांबा बघा, सोळा मात्रा "बसला" वरच संपतात: "पाय टाकुनी | जळात बसला | असला औदुंबर". कान म्हणतो तिथे थांब. आणि थांबलं की पूर्ण कविता ज्याच्यासाठी चालत आली तो शेवटच्या शब्दात समोर येतो, हा असा, औदुंबर. वाद यानं मिटतो असं नाही, पण मला स्वतःला आता दुसऱ्या तऱ्हेनं म्हणवत नाही.

आता भावना. मला सगळ्यात अवघड वाटतं ते हेच, कारण इथे माणसं दुखावतात. त्याच स्पर्धेत एक कविता आईवर होती. सभागृहात अर्ध्या लोकांच्या डोळ्यात पाणी होतं, माझ्या शेजारच्या परीक्षकांनी पूर्ण मार्क दिले. मलाही भरून आलं, माझी आई जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. पण एसटीत बसल्यावर मी आठवायला गेले की त्या कवितेतली आई कशी होती, तर काहीच आठवेना. माया, छाया, पदर, भाकरी, थकलेले हात, सगळं होतं आणि कुणीच नव्हतं. जे आठवत होतं ते माझ्या आईचं होतं, तिचा चष्म्याचा दोरा, तिचं "हो का?" म्हणणं. म्हणजे रडू आलं ते माझ्याच गाठीचं. कवीनं फक्त नाव घेतलं. दुःखात असलेल्या माणसासमोर नुसतं नाव घेऊनही रडू येतंच, त्यात कवितेनं कमावलेलं काय?

आपल्याकडे हे फार जुन्या काळापासून माहिती आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं "काव्यप्रकाशा"त रसदोष सांगितलेत त्यात पहिलाच हा आहे, की रस, मनात टिकून राहणारे स्थायी भाव, येऊन जाणारे व्यभिचारी भाव यांची नावं घेऊन सांगणं. शोक म्हटलं म्हणून शोक होत नाही. ज्यातून शोक व्हावा ते समोर ठेवावं लागतं.

आणि हे बालकवींनाच लावून बघते, कारण आवडत्या कवीला लावलं नाही तर ती कसोटी कसली. "आनंदी आनंद गडे, इकडे तिकडे चोहिकडे". सगळ्यांची लाडकी, माझीसुद्धा, मी पहिलीत पाठ केलेली. पण पहिल्याच शब्दात भावनेचं नाव, आणि मग "मोद भरे", "मोद फिरे", "मोद विहरतो". कशाचा मोद? पुढे बघा, "सूर्यकिरण सोनेरी हे", लगेच "कौमुदि ही हसते आहे", आणि लगेच "खुलली संध्या". ऊन, चांदणं आणि संध्याकाळ एकाच वेळी. म्हणजे ही कुठलीच वेळ नाही आणि "चोहिकडे" म्हणजे कुठलंच ठिकाण नाही. शेवटी तर स्वार्थाच्या बाजारात रडणारे पामर येतात आणि स्वार्थ सोडा म्हणजे मोद मिळेल असा उपदेश येतो, तो वरच्या उन्हाचांदण्यातून उगवलेला नाही, वेगळा आणून जोडलाय. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूनं सांगायलाच हवी, "नभात भरला, दिशांत फिरला, जगात उरला" इथे ओळी एकदम आखूड होतात आणि लहान मूल ते म्हणताना खरंच उड्या मारतं. तेवढा आनंद चालीनं कमावलेला आहे. शब्दांनी नाही.

"पारवा" मला जास्त छळते. "भिंत खचली कलथून खांब गेला, जुनी पडकी उद्ध्वस्त धर्मशाळा", काय सुरुवात आहे, क्रिया आधी, पडणं आधी आणि धर्मशाळा नंतर. आणि मग "तिच्या कौलारी बसुनि पारवा तो, खिन्न नीरस एकांतगीत गातो". तो पारवा घुमतोय हे ऐकून खिन्न मी व्हायचं होतं. ते काम कवीनं माझ्या हातातून काढून घेतलं. पुढे दुःखनिद्रेतला बुद्धराज येतो तेव्हा तर त्या पडक्या कौलावर फार मोठं वजन येतं असं मला वाटतं. तरी ती कविता मी सोडणार नाही, पहिल्या दोन ओळींसाठी तर नाहीच.

"औदुंबर"मध्ये भावनेचा शब्द शोधायला गेलात तर एकच सापडतो, "गोड". "गोड काळिमा". काळ्याला गोड कोण म्हणतं? सहा ओळी हिरव्या-पांढऱ्या चालून आल्यावर, उन्हातून सावलीत शिरल्यावर, पाण्यात पाय सोडल्यावर तो काळिमा गोड लागतो, तेव्हा तो शब्द तिथे बसण्याचा हक्क त्या सहा ओळींनी मिळवलेला असतो. पहिल्या ओळीत "गोड काळिमा" म्हटलं असतं तर नुसता खेळ वाटला असता.

इथे एक धोका मी स्वतःच्या वाचनातही पकडलाय. बालकवी १८९० चे, धरणगावचे, आणि ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ मालगाडीखाली गेले, वय सत्तावीस. हे माहिती असलं की काळ्या डोहाशी आपला आवाज आपोआप कापरा होतो. वर्गात मी हे आधी सांगायचे आणि मग कविता वाचायचे, मुलं अगदी गंभीर व्हायची आणि मला वाटायचं कविता पोचली. पण ते गांभीर्य अपघाताचं होतं, कवितेचं नव्हतं. आता आधी आठ ओळी, दोनदा, मोठ्यानं. जन्ममृत्यू दुसऱ्या दिवशी.

या तीन गोष्टी सगळ्या कवितांना एकाच मापानं लागतात असं मात्र मी म्हणत नाही. अभंगाला नवं सांगायचंच नसतं, जात्यावरच्या ओवीला तर जुनंच हवं असतं, आणि मुद्दाम तोडून लिहिलेल्या कविताही असतात, तिथे तुटणं कशासाठी आहे ते आधी बघावं लागतं. पण निदान बघायचं कुठे ते कळतं, आणि "मला आवडली" याच्या पुढे एक पाऊल टाकता येतं.

त्या मुलाचा नंबर आयोजकांकडून घेतला आणि फोन केला. त्याला म्हटलं, तुझी कविता जमलेली नाही, पण त्यात एक जागा जमलीये. त्याच्या कवितेची सुरुवात "आजोबांच्या विहिरीला आता पाणी नाही" अशी होती, शेवट "हे पाणी गेलं कुठं, शेतकऱ्याच्या डोळ्यांत बघा" असा. आणि मधे कुठेतरी, त्याचं स्वतःचंही लक्ष नसेल अशा ठिकाणी, काठावरच्या दगडाला मोटेच्या दोरानं पाडलेली खाच होती, "बोट घातलं की अजून गुळगुळीत लागते". मी म्हटलं, ही खाच तू पाहिलीयेस, ते डोळ्यातलं पाणी तू दुसऱ्यांच्या कवितेत वाचलंयस. तो बराच वेळ काही बोलला नाही, मला वाटलं रागावला, मग म्हणाला, "मॅडम, बोट माझंच आहे ते."

महिन्याभरानं त्यानं व्हॉट्सॲपवर कविता पाठवली. पाणी नाही हे सांगणारी पहिली ओळ गेली होती, शेवटचं कडवं पूर्ण गेलं होतं. कविता आता खाचेपासून सुरू होत होती आणि संपत होती अशी:

बादली सोडली.
आवाज यायला वेळ लागला
आणि आला तो पत्र्याचा.

मी ती ओट्याशी उभी राहून तीनदा मोठ्यानं वाचली. मग त्याला लिहिलं, जमली. फक्त "आणि" काढून बघ.